भक्तीच्या व्हिडिओत मशीनचा आवाज आणि संगणकाची चित्रं: सांगायचं कुठे आणि कुठल्या शब्दांत

आमच्याकडे कोरेगाव तालुक्यातल्या एका भजनी मंडळाचं छोटं चॅनल आहे, एडिटिंग मी करतो. मागच्या आषाढीला त्यांना ‘सुंदर ते ध्यान’ या अभंगाच्या निरूपणाचा साडेसहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. निरूपण करणाऱ्या काकांचा घसा महिनाभर बसलेला, म्हणून निवेदनाला मशीनचा आवाज घेतला, चित्रंही संगणकावर बनवली, गाणं मात्र मंडळाचंच रेकॉर्ड केलं. मग वाद सुरू झाला, की हे लोकांना सांगायचं का आणि सांगायचं तर कुठे. अध्यक्ष म्हणाले डिस्क्रिप्शनमध्ये टाका, कोण वाचतंय. त्यांची पुतणी म्हणाली, कोण वाचत नाही म्हणूनच तिथे टाकून उपयोग नाही. मला पुतणीचं पटलं, पण नुसतं पटून चालत नाही, करून बघावं लागतं. म्हणून आम्ही एकेक पर्याय लावून पाहिला, ज्यांच्यापुढे हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी ते सगळं इथे लिहितोय.

आधी नियमाचं थोडक्यात. यूट्यूबने मार्च २०२४ पासून स्टुडिओमध्ये अपलोड करताना Altered content म्हणून प्रश्न ठेवलाय, त्याला Yes म्हटलं की डिस्क्रिप्शन उघडल्यावर खाली लेबल दिसतं. हे लागतं कधी, तर खरा माणूस जे बोलला नाही ते बोलताना दाखवलंत, खऱ्या घटनेचं किंवा जागेचं दृश्य बदललंत, किंवा न घडलेली गोष्ट खरी वाटेल अशी बनवलीत तर. दुसऱ्या कुणाच्या आवाजाची नक्कल करून निवेदन केलंत तरी लागतं. चित्र बघताक्षणी चित्र वाटत असेल, कार्टून असेल, तर लागत नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लेबल लावलं म्हणून व्हिडिओ कमी लोकांपर्यंत जात नाही की पैसे थांबत नाहीत, त्यामुळे ती भीती सोडून द्या. आपल्याकडचे आयटी नियमही फेब्रुवारी २०२६ मध्ये बदलले. खऱ्यासारखं वाटणारं बनवलेलं दृश्य असेल तर खूण ठळक हवी, आणि नुसतं ऐकायचं असेल तर खुलासा आधी आवाजातच यायला हवा, असा त्याचा रोख आहे. आवाजातली किरकोळ खरखर काढली किंवा फोटोचा रंग सुधारला, तर ते यात येत नाही.

पण नियम पाळला म्हणजे बघणाऱ्याला कळलं असं होत नाही ना. आपले प्रेक्षक हे व्हिडिओ बघतात कसे ते बघा. सकाळी देवघरात दिवा लावताना फोन भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, स्वयंपाक करता करता नुसतं ऐकणं चालू असतं, टीव्हीवर लावून आजी लांब खुर्चीत बसलेली असते. डिस्क्रिप्शन उघडणं या मंडळींच्या गावीही नसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲप. आपला व्हिडिओ कुणीतरी डाउनलोड करून भाऊबंदांच्या ग्रुपमध्ये टाकतं, तिथे यूट्यूबचं लेबल, डिस्क्रिप्शन, पिन केलेली कमेंट, सगळं मागे राहतं, व्हिडिओच्या आत जे आहे तेवढंच पुढे जातं. म्हणून स्टुडिओतलं Yes आणि डिस्क्रिप्शनची ओळ हे दोन्ही करायचंच आहे, पण ते स्वतःला वाचवायला. बघणाऱ्याला सांगायचं तर व्हिडिओच्या आतच सांगावं लागतं.

आत सांगायचे तीन रस्ते आहेत: सुरुवातीला पाटी, बोलून सांगणं, नाहीतर कोपऱ्यात कायमची खूण.

पाटी आम्ही आधी करून बघितली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, चार सेकंद. दोन गोष्टी चुकल्या. एक म्हणजे चार सेकंदात पंधरा शब्द साठीतल्या माणसाचे वाचून होत नाहीत. माझा हिशोब सोपाय, ती ओळ स्वतः सावकाश एकदा मोठ्याने वाचायची, लागेल तेवढा वेळ पाटी ठेवायची, साधारण आठ सेकंद होतात. दुसरी चूक जास्त खटकणारी होती. काळा पडदा आणि गंभीर अक्षरं बघून पुतणीच म्हणाली, हे सिगारेटच्या सूचनेसारखं वाटतंय, पुढे विठ्ठल यायचाय. मग पाटी काढून पहिल्याच चित्रावर, मोकळ्या आकाशाच्या भागात, त्याच अक्षरवळणात लिहिली ज्यात पुढे अभंगाच्या ओळी येणार होत्या. म्हणजे ती श्रेयनामावलीचाच भाग वाटते, गायन अमुक, मृदंग तमुक, निवेदनाचा आवाज संगणकावर बनवलेला. हे मला फार बरं वाटलं, कारण आपल्याकडे ही सवय जुनीच आहे. राजा रवि वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवांच्या तसबिरी घरोघरी गेल्या, लोकांनी त्यांना हार घातले, पण हा देवाचा फोटो आहे असं कुणी समजलं नाही. चित्रकाराने काढलंय हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याने भक्ती तसूभरही कमी झाली नाही.

पण पाटीचं एक आहे, ती डोळ्यांनी बघावी लागते. आमचे निम्मे लोक ऐकणारे. आणि इथे आवाजच मशीनचा आहे, म्हणजे ज्याला फक्त ऐकू येतंय त्यालाच नेमकं कळत नाही. त्यामुळे बोलून सांगणं आलंच. आता बोलणार कोण? मशीनच्याच आवाजात ‘हा आवाज संगणकाचा आहे’ असं ऐकवलं तर जरा गंमतशीर होतं, खरं सांगायचं तर आम्ही सगळे हसलो. शेवटी घसा बसलेल्या काकांनाच घेतलं. त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजात दोन वाक्यं रेकॉर्ड केली, फोनवरच. ती अशी: ‘रामकृष्णहरी. माझा घसा बसल्यामुळे आजच्या निरूपणाचा आवाज संगणकावर तयार केलाय, शब्द मात्र मी लिहिलेत आणि अभंग आपल्या मंडळाने गायलाय. चित्रंही संगणकावर काढलेली आहेत, पंढरपूरच्या मूर्तीचे ते फोटो नाहीत.’ साधारण पंधरा सेकंद. याचा फायदा असा झाला की खुलासा हा खुलासा न वाटता घरच्या माणसाने सांगितल्यासारखा झाला, आणि व्हॉट्सॲपवर गेला तरी सोबतच गेला. तोटा एकच, सुरुवातीचे काही सेकंद लोक थांबत नाहीत, रिटेन्शनचा आलेख तिथेच घसरतो. त्यावर आम्ही केलं असं की आधी टाळ आणि ‘विठ्ठल विठ्ठल’चा दहा-बारा सेकंदांचा खराखुरा गजर ठेवला, मग काका बोलतात, मग निरूपण. गजरानंतर आणि मशीनचा पहिला शब्द यायच्या आधी, ही जागा पक्की. मशीनचा आवाज एकदा सुरू झाल्यावर मधेच सांगितलं तर ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि शेवटी सांगितलं तर तिथवर थांबतंय कोण.

कोपऱ्यातली कायमची खूण हा तिसरा रस्ता, आणि मला वाटतं तो फक्त एका ठिकाणी लागतो, जिथे दृश्य खरं वाटतं तिथे. वारीचं रिंगण बनवून दाखवलंत, उधळलेली माती, माउलींचा अश्व, पताका, हजारो लोक, आणि ते ड्रोनने काढल्यासारखं दिसतंय, तर ते दृश्य चालू असेपर्यंत खूण हवीच, कारण त्यातला पाच सेकंदांचा तुकडा कापून कुणीही ‘यंदाचं रिंगण’ म्हणून फिरवू शकतो. तेलरंगातल्या चित्रासारखी चित्रं असतील तर कायमच्या खुणेची गरज मला दिसत नाही, सुरुवातीला आणि शेवटी सांगितलं की पुरे. खूण लावायचीच तर वर डावीकडे लावा. शॉर्ट्समध्ये खालचा भाग आणि उजवी कड लाईक, शेअर, चॅनलचं नाव यांनी झाकली जाते. देवाच्या चेहऱ्यावर, पायांवर किंवा विटेवर ती येता कामा नये, हे सांगायला नको पण टेम्प्लेट लावून मोकळं झालेल्या व्हिडिओत मी चरणांवर पट्टी बघितलीय. देवनागरी अक्षरं फार बारीक केली की मात्रा आणि जोडाक्षरं भरून जातात, त्यामुळे इंग्रजीला जो साइज चालतो त्यापेक्षा एक घर मोठी घ्या आणि स्वस्तातल्या फोनवर वाचून बघा.

आता शब्दांचं, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तयार वाक्य म्हणून लोक टाकतात ते ‘एआय जनरेटेड, फक्त मनोरंजनासाठी’. भजन मनोरंजनासाठी? ज्याने पाय धुऊन देवापुढे बसून लावलंय त्याला हे वाचून काय वाटेल. दुसरा शब्द ‘काल्पनिक’. आमच्या पहिल्या पाटीवर मीच लिहिलं होतं ‘चित्रे काल्पनिक आहेत’, आणि मागे विठ्ठल. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, कोण काल्पनिक, चित्र का पांडुरंग? लिहिणाऱ्याच्या मनात चित्र असतं पण वाचणारा देव वाचतो. ‘कृत्रिम’ हाही शब्द तसाच, आमच्याकडे तो कृत्रिम फुलांसाठी वापरतात, म्हणजे नकली. ‘एआय’ तरुणांना कळतं, म्हाताऱ्यांना नाही. सगळ्यात कमी टोचणारं आणि सगळ्यांना कळणारं म्हणजे ‘संगणकावर तयार केलेला आवाज’, ‘संगणकावर काढलेलं चित्र’, आणि त्याला जोडून काय नाही ते, ‘मूळ मूर्तीचा फोटो नाही’. खूण वस्तूला लावायची, देवाला नाही, एवढं डोक्यात ठेवलं की शब्द आपोआप सापडतात. आणि माणसांनी काय केलं तेही त्याच श्वासात सांगा, लिहिलं कुणी, गायलं कुणी, तपासलं कुणी. नुसतं ‘मशीनने केलंय’ ऐकलं की लोकांना वाटतं सगळंच मशीनने केलंय, शब्दसुद्धा.

हे तपासणं म्हणजे काय ते सांगतो, कारण खुलासा करूनही चूक राहिली तर खुलाशाचा उपयोग उलटा होतो, लोक म्हणतात बघा, मशीनला काय कळतंय. आमच्या आवाजाने पहिल्याच मिनिटात ज्ञानदेवांना ‘ग्यानदेव’ केलं, ‘विठ्ठलाचा’मधला च ‘चरण’मधल्यासारखा म्हटला आणि ‘तुळसी’चा ळ गिळला. हिंदीच्या वळणाने शिकलेल्या आवाजांचं हे नेहमीचं दुखणं आहे. उपाय म्हणून स्क्रिप्टमध्ये उच्चाराप्रमाणे लिहितात, आम्ही ‘द्न्यानदेव’ असं टाइप केलं आणि आवाज सुधारला. मात्र तीच फाइल मी सबटायटलला लावली आणि पडद्यावर ठळक ‘द्न्यानदेव’ आलं! अपलोडच्या आदल्या रात्री पुतणीने पकडलं म्हणून वाचलो. दोन फाइली ठेवा, एक मशीनला वाचायला, एक माणसांना वाचायला.

चित्रांमध्ये तर आणखी मजा. अभंगातच सांगितलंय की हात कटेवर आहेत, पाय विटेवर आहेत, गळ्यात तुळशीहार आणि कमरेला पीतांबर आहे. आलेल्या पहिल्या दहा चित्रांत विठ्ठलाचा एक हात आशीर्वादाला वर, दोनांत बासरी, आणि विटेऐवजी कमळ. कारण सरळ आहे, कृष्ण आणि विष्णूची चित्रं जगात ढिगाने आहेत, विठोबाची त्या मानाने थोडी. ‘हे संगणकाचं चित्र आहे’ म्हटल्याने कमळाची वीट होत नाही, म्हणून ती चित्रं टाकून दिली. गाभारा दाखवणं तर आम्ही पूर्णच टाळलं. पंढरपूरच्या गाभाऱ्याचं २०२४ मध्ये संवर्धनाचं काम झालं, तेव्हा आतली चांदी निघून जुना दगड उघडा झाला. बनवलेल्या चित्रात मात्र चमचमता सोन्याचा गाभारा येतो आणि ज्याने डोळ्यांनी दर्शन घेतलंय त्याचा तिथेच विश्वास उडतो. त्याऐवजी चंद्रभागेचा काठ, तुळस, दिंडीच्या पाऊलखुणा अशी चित्रं घेतली, चुकायला जागा कमी.

आता काय मशीनला द्यावं आणि काय देऊ नये यावर माझं मत सरळ सांगतो, पटलं तर घ्या. निरूपण, माहिती, एखाद्या तीर्थाचा इतिहास, याला खुलाशासकट मशीनचा आवाज चालतो. स्तोत्रपाठाला नको, कारण लोक तो ऐकून उच्चार शिकतात. मशीन शब्दाच्या शेवटचा अ खाऊन टाकतं, रामरक्षेतलं ‘रघुनाथस्य’ हे ‘रघुनाथस्य्’ होतं, आणि पोरं तेच पाठ करतात. वर कितीही पाट्या लावा. आरती आणि नामस्मरणालाही नको. आरतीत लोक सोबत म्हणतात, तिथे समोर माणसं म्हणतायत हीच तर गंमत आहे. आमच्याच व्हिडिओखाली एका बाईंनी विचारलं, मशीनच्या तोंडचं नाम ऐकून काय उपयोग? काकांनी उत्तर दिलं की नाम आम्ही घेतलंय, मशीनने फक्त अर्थ वाचून दाखवलाय. हे उत्तर देता आलं कारण ते खरंच तसं होतं.

आणि एक गोष्ट अशी आहे जिथे कुठलीच पाटी पुरत नाही, संतांच्या तोंडी आवाज घालणं. विठ्ठलाचं चित्र हे चित्र आहे, पण साईबाबांचे फोटो आहेत, गाडगेबाबांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे, ही होऊन गेलेली माणसं आहेत. साईबाबांच्या फोटोचे ओठ हलवून ‘बेटा, हा व्हिडिओ शेअर कर’ म्हणवणारे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. यूट्यूबच्या नियमात हे सरळ खऱ्या माणसाच्या तोंडी न बोललेलं घालणं आहे, पण त्याहून जुना नियम आपल्या अभंगांतच आहे. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ येतं ते कशासाठी, तर हे कुणाचं बोलणं आहे ते ऐकणाऱ्याला कळावं म्हणून. तिथे दुसऱ्याचे शब्द घुसले की जाणकार त्याला प्रक्षिप्त म्हणतात आणि गाथेतून वेगळं काढतात. गाथेतलेच शब्द वाचायचे असतील तरी ते संतांचा ‘आवाज’ म्हणून नको, निवेदकाचा आवाज म्हणून वाचा. प्रसिद्ध गायकांच्या आवाजाची नक्कल करून अभंग गाऊन घ्यायचा मोह असेल तर तोही सोडा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसलेंच्या बाजूने अशा नकलांविरुद्ध अंतरिम आदेश दिलेत. वर ‘हा खरा आवाज नाही’ असं लिहिलं म्हणून परवानगी मिळत नाही.

जुन्या व्हिडिओंचं काय, हे मला दोघा-तिघांनी विचारलं. यूट्यूबवर चढवलेली फाइल बदलता येत नाही, लिंक तीच ठेवून आत नवीन पाटी घालता येत नाही, स्टुडिओच्या एडिटरमध्ये कापता येतं, धूसर करता येतं, बाकी फारसं नाही. मग Altered content बदला, डिस्क्रिप्शनची पहिली ओळ बदला, म्हणजे न उघडताही तिचा थोडा भाग दिसतो, आणि कमेंट पिन करा. ज्या व्हिडिओत खरी वाटणारी दृश्यं आहेत किंवा उच्चाराच्या ढोबळ चुका आहेत तो मात्र खाली काढून नव्याने चढवलेला बरा, व्ह्यूज जातील तर जाऊदेत. आम्ही असा एक काढला, पालखीचा होता, त्यातल्या पताकांवरची अक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हती.

आषाढीचा व्हिडिओ शेवटी असा गेला: गजर, काकांची वाक्यं, पहिल्या चित्रावर श्रेयनामावलीतच ओळ, शेवटी तीच ओळ पुन्हा, स्टुडिओत Yes, डिस्क्रिप्शनमध्ये पहिली ओळ. कोपऱ्यात खूण नाही, कारण सगळी चित्रं चित्रासारखीच होती. स्टुडिओतल्या Yes वर अध्यक्ष थोडे अडले होते, चित्रं चित्रासारखी आहेत तर कशाला म्हणून. मी म्हटलं आवाज माणसासारखा आहे ना, मग शंका नको. खाली कमेंटमध्ये आवाजापेक्षा काकांच्या घशाची चौकशी जास्त होती, कुणी ज्येष्ठमध सांगितलं, कुणी हळदीच्या गुळण्या. कार्तिकीला काका स्वतः वाचणार आहेत, तेव्हा सुरुवातीच्या त्या दोन वाक्यांतलं पहिलं वाक्य काढायचंय, चित्रांचं राहू द्यायचंय.